डावं-उजवं

जांभळी नाक्यावरून ओजसने दोन भिंगं आणली होती, एक पातळ, एक जाड. मे महिन्याची सुट्टी आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतीची गच्ची, मग काय! वाळकी पानं, काडेपेट्या, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका (गणपती सोडून), सगळ्याला भोकं पडली. धूर काळ्या अक्षरांवर आधी निघतो आणि जाड भिंग कागदाच्या जवळ धरावं लागतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

खाली आजीचं वेगळंच चाललं होतं. नवा चष्मा आल्यापासून शब्दकोडं सुटेना. "अक्षरं फुगडी घालतात रे. वर डोकं ठणकतं."

"नवा नंबर आहे आई," बाबा बूट घालता घालता म्हणाला. "सवय होईल."

आजी आंघोळीला गेली तशी ओजसने चष्मा उचलला. जाळायला होतो का, एवढंच बघायचं होतं. गच्चीत लादीवर वर्तमानपत्र पसरून त्याने आधी डावी काच तळहाताने झाकली. उजव्या काचेचा ठिपका फूटपट्टीच्या थोडा वर बारीक झाला. मग उजवी झाकली. डावीचा ठिपका पसरटच. चष्मा वर, अजून वर नेला, तेव्हा कुठे दीड फुटाच्याही पुढे तो नीट गोळा झाला. धूर कशाचाच निघाला नाही.

म्हणजे उजवी काच जाड.

चष्म्याच्या डबीत डॉक्टरांची चिठ्ठी होती. उजवा डोळा +2.00, डावा +3.00.

"आजी, तुझा चष्मा उलटा आहे!"

"माझा चष्मा गच्चीत काय करत होता, ते आधी सांग." पदराने कान पुसत आजी बाहेर आली. त्याने चिठ्ठी दाखवली, ठिपके सांगितले. आजीने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून पटलंय की मार मिळणार, काही कळेना. मग त्याने चष्मा वरचा खाली फिरवून तिच्या नाकावर धरला. काड्या कानांच्या वरून हवेत गेल्या. काच मात्र डावीची उजवीकडे आली, उजवीची डावीकडे.

आजीने वर्तमानपत्र ओढलं. "सात आडवं... 'नदीचा उतार', चार अक्षरी." जरा थांबून म्हणाली, "हलत नाहीयेत रे."

फ्रेम नाकावरून घसरत होती, म्हणून ओजसने मागून नाडी बांधली. दुपारी डाळ निवडणंही त्याच थाटात झालं.

संध्याकाळी बाबाने दार उघडलं आणि तिथेच थबकला. "आई! चष्मा उलटा घातलायस."

"सवय होईल तुला," आजी कोड्यातून मान वर न काढता म्हणाली. "आणि उद्या ऑफिसला जाताना त्या दुकानात जा. काचा नव्या करून हव्यात, फुकट. ओजसला बरोबर ने, बोलायचं काम तो करेल."

"आणि भिंगं?" ओजस म्हणाला.

"ती पण ने. पत्रिका मात्र नको, पुढच्या आठवड्यात लग्न आहे त्यांचं."