भाजीवाल्या काकांचा दिवस

(इयत्ता सातवी, मराठी प्रकल्प, विषय: आपल्या परिसरातली माणसं. ही कविता लिहायला मी एका रविवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत काकांसोबत होतो, मार्केटपर्यंत बाबांनी स्कूटरवर नेलं, मधे फक्त जेवायला घरी आलो. सगळीकडे यमक नाहीये कारण काका जसं बोलतात तसंच मला लिहायचं होतं.)

साडेतीनला काकांची गाडी निघते
आपल्याच गल्लीतून, रिकामी,
आणि रिकामी असली की ती फार वाजते, खडखड खडखड, आणि मागचं डावं चाक मधेच चुईं करतं,
मी इतकी वर्षं झोपेत ऐकलंय ते, कधी उठून बघितलं नव्हतं,
त्या दिवशी बघितलं,
काका एका हातानी गाडी ढकलत होते, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास,
रस्त्यावर कोणीच नाही, दिवे फक्त.

मार्केटमधे एवढा लखलखाट की रात्र आहे हेच विसरायला होतं
हमाल पाठीवर गोणी घेऊन "बाजू बाजू" करत पळतात,
आणि खरंच बाजूला व्हावं लागतं, ते थांबत नाहीत, थांबले तर ओझं खांद्यावर बसतं.
कोथिंबिरीचा ढीग माझ्या डोक्याच्या वर,
लिलाव चालू झाला, आकडे इतके भराभर की मला एकही धड कळला नाही,
काकांनी नुसती मान हलवली आणि मेथी आपली झाली.

त्याच्या आधी मात्र त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला
"वरची जुडी सगळेच चांगली ठेवतात रे, आतली बघायची"
माझा हात धरून आत नेला, आणि आत गरम होतं!
बाहेर थंडी आणि भाजीच्या पोटात ताप,
दाबून भरलेली पालेभाजी आतून तापते म्हणे, आणि तापली की दुपारपर्यंत पिवळी,
तो ढीग आम्ही सोडला, शेजारचा घेतला,
तिथली पानं आतून पण गार होती, देठाला ओला चिखल होता.

मग गाडी भरायची.
मला वाटायचं भाजी कशीही ठेवतात,
तर खाली बटाटे, पण कांद्यापासून लांब,
आणि बटाट्यावर पोतं, कारण ऊन खाल्लं की तो हिरवा होतो आणि हिरवा बटाटा खायचा नसतो,
मग कोबी, दुधी, त्यावर वांगी, टोमॅटोचा क्रेट मधोमध जिथे धक्का कमी,
आणि सगळ्यात वर मेथी पालक शेपू कोथिंबीर, भिजवलेल्या गोणपाटाखाली,
बाळाला पांघरूण घालतात तसं चारी बाजूंनी खोचून.

येताना गाडी वाजली नाही.
ओझं झालं की चुईं बंद होतं, चाकं नुसती घुमतात,
काका पुढे वाकून ढकलतात, पायाच्या चवड्यांवर,
चढाला बाबांनी आणि मी मागून हात लावला, अर्ध्यातच माझे दंड भरून आले
आणि काका रोज एकटेच.

साडेसहाला झाडाखाली गाडी उभी, चाकाला दगड.
आता टोमॅटो.
काल घेतलेल्या एका क्रेटमधे वर छान छान लावलेले आणि खाली मऊ निघालेले,
कोणी दिला तो क्रेट ते काका बोलले नाहीत,
उकिडवे बसले आणि एकेक टोमॅटो अंगठ्यानी दाबून बघत तीन ढीग केले,
आजचे, उद्याचे, आणि आत्ताच्या आत्ता शिजवायचे.
अंगठा इतका हळू लावतात की टोमॅटोवर खूण पण राहत नाही,
मी करून बघितलं, पहिलाच फुटला, बी हातावर आलं,
काका म्हणाले "दाबायचं नाही, विचारायचं"
मी त्यानंतर विचारायला लागलो, चाळीस एक टोमॅटो विचारले,
थोडं थोडं कळायला लागलं.

आणि मग पाणी.
दोन मोठे कॅन भाजीचे, एक छोटी बाटली काकांची,
झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून पालकावर फवारा,
पालक लगेच मान वर करतो, मी डोळ्यांनी बघितलं, दहा मिनिटांत वाकलेलं पान उभं,
पण टोमॅटोवर पाणी नाही, कांद्याला तर थेंबही नाही,
ज्याला पाहिजे त्यालाच.

मेथी घ्या हो पालक घ्या
कोवळी भेंडी लवलव घ्या
आत्ता आलीय गाडी ताई
उशीर केला तर मिळणार नाही!

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी,
ते पैसे काका कपाळाला लावतात आणि डब्यात वेगळ्या कप्प्यात टाकतात,
मग गर्दी.
भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या काकू, कट्ट झालं तर कोवळी, वाकली तर जून,
दुधीला नख लावणारे आजोबा,
नुसतं भाव विचारून जाणारे, आणि परत येऊन तोच भाव विचारणारे,
"वरून कोथिंबीर टाका ना" म्हणणारे सगळेच,
आणि काका टाकतात, चार काड्या, चार मिरच्या, न मोजता,
बाकी सगळं मोजून.

तराजूचा काटा थांबेपर्यंत ते हात लावत नाहीत,
काटा थांबला की एक वांगं अजून वर ठेवतात, म्हणजे पारडं गिऱ्हाइकाकडे झुकतं,
हिशोब तोंडी, अर्धा किलो हे, पाव किलो ते, दोन जुड्या, आधीचे राहिलेले,
मी वहीत बेरीज करत होतो आणि ते उत्तर सांगून सुटे पण देऊन मोकळे,
माझं बरोबर आलं एकदाच.
आता स्कॅनर पण लावलाय, डबा बोलतो पैसे आले,
पण समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींसाठी वही आहे, पेन्शन आली की देतात,
त्यांच्या पानावर काकांनी कधी बेरीज केली नाही,
आजी स्वतःच करतात.

आणि आजींना मऊ टोमॅटो देताना काका स्पष्ट सांगतात
"हे आजच करा, उद्या नाही टिकायचे, म्हणून कमी लावलेत"
मागे एक काकू उभ्या होत्या, त्यांनी पण तेच मागितले.

कोणाच्या घरी काय चाललंय हे काकांना भाजीवरून कळतं,
रोज दोन जुड्या नेणाऱ्या ताईंनी एकच नेली तर विचारतात, मुलगा गेला का हॉस्टेलला?
कोणी नुसता दुधी आणि मूग मागितले की विचारतात, कोण आजारी आहे?
तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी खाली येते, त्यात चिठ्ठी,
काका भरतात, पैसे पिशवीतच, पिशवी वर जाते,
वरचं माणूस मी आजपर्यंत बघितलेलं नाही
काकांनी पण नाही बघितलेलं फारसं, पण त्यांना वांगी चालत नाहीत हे माहितीये.

दुपार.
दुपारबद्दल काय लिहू, फार ऊन होतं.
सावली सरकते तशी गाडी सरकवायची, आधी दगड काढायचा, मग ढकलायचं, मग परत दगड,
पालेभाजी सावलीत, काका अर्धे उन्हात,
गोणपाट वाळलं की परत भिजवायचं,
गल्ली झोपलेली असते, एखादी माशी, एखादा कुकरचा आवाज,
काका डबा उघडतात, भाकरी आणि काय भाजी असेल असं मला वाटलं होतं,
वाकडी गाजरं आणि बोटभर उरलेल्या भेंड्या परतलेल्या,
जे कोणी घेत नाही ते त्यांच्या घरी जातं,
"चव तीच असते रे, सरळ वाकडं फक्त डोळ्यांना"

मी मोजलं.
संध्याकाळपर्यंत भाजीला ११ वेळा पाणी मारलं
काका स्वतः प्यायले ४ वेळा,
चौथ्यांदा तर मी बाटली उघडून हातात दिली म्हणून.

सहानंतर सगळे ऑफिसवाले,
हेल्मेट घालूनच, गाडी चालू ठेवूनच, "काका पटकन, जे असेल ते द्या"
आणि त्या घाईत पण काका किडकी वांगी बाजूला काढतात,
वांग्यावर टाचणीएवढं भोक असतं, मला दिसलंच नाही, त्यांच्या बोटाला दिसलं,
आठपर्यंत मेथी संपली, शेपूची एक जुडी उरली,
ती उद्यापर्यंत थांबणार नाही, भाजी थांबत नाही कोणासाठी,
म्हणून भाव खाली, अजून खाली,
शेवटी वॉचमन दादांना तशीच देऊन टाकली, ते नको म्हणत होते,
काका म्हणाले, "घ्या, नाहीतर सकाळी गाय खाईल"

नऊला गाडी झाकली.
कोबीची बाहेरची पानं गोळा करून कोपऱ्यावर ठेवली, गाय येते तिथे,
खालची जागा झाडली, झाडाखाली एक देठ पण नाही,
बटाटे कांदे पोत्यात भरून दोन खेपांत खोलीवर,
पैसे मोजले, पहिल्या कप्प्यातले शेवटी,
त्यातले उद्याच्या मालाचे काढून रुमालात गाठ मारली,
उरलेले खिशात.
मी विचारलं आज चांगला दिवस गेला का,
तर म्हणाले "टोमॅटोनी थोडं मारलं, मेथीनी सांभाळलं"

मग त्यांनी गोणपाट धुतलं,
कॅनमधलं उरलेलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं, पिळून गाडीच्या दांड्यावर टाकलं,
मी एक टोक धरलं होतं, जड असतं ओलं गोणपाट, आणि गार,
माझ्या हाताला रात्री झोपेपर्यंत मातीचा आणि कोथिंबिरीचा वास होता
आई म्हणाली साबणानी धू, मी नाही धुतला.

आज सोमवार, शाळा आहे,
तरी मला जाग आली, मोबाईलवर बघितलं, तीन एकतीस,
बाहेर अंधार,
आणि गल्लीच्या टोकाकडून खडखड खडखड,
मधेच चुईं,
मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो,
रिकामी गाडी, दांड्यावर गोणपाट,
आणि काकांच्या हातात चहाचा ग्लास.