वेटिंग हॉलच्या टीव्हीसाठी स्लाइड्स: जून ते डिसेंबर

दादा, दिंडोरी रोडच्या आपल्या दवाखान्यातल्या टीव्हीसाठी हा पूर्ण मजकूर. मोठ्या डॉक्टरांनी आणि मॅडमनी ओळ न् ओळ तपासली आहे. शब्द बदलायचा असेल तर आधी मला विचार. एकूण २४ स्लाइड्स, एक फेरी ६ मिनिटं ५७ सेकंदांची.

अक्षर कुठेही ५४ पॉइंटच्या खाली नको, मथळा ७२. आपला टीव्ही ४३ इंची आहे. त्यावर पॉवरपॉइंटचा एक पॉइंट जवळजवळ एक मिलिमीटर भरतो. शेवटची खुर्ची १८ फुटांवर आहे, मी टेपने मोजलं. तिथे बसतात ते मोतीबिंदूची तारीख लांबवत आलेले आजोबा. प्रत्येक ओळ त्यांना वाचता आली पाहिजे. एका ओळीत २४ अक्षरांपर्यंत, मथळा सोडून जास्तीत जास्त पाच ओळी. ओळींमधलं अंतर १.४ ठेव, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं, कारण पूर्वेच्या खिडकीतून सकाळी काचेवर उजेड येतो आणि पांढरी स्लाइड धुवून निघते. लाल-हिरव्या रंगांवर अर्थ अवलंबून ठेवू नकोस. अक्षरं उडत येणं, सरकत जाणं काही नको.

सेकंद असे ठरवले: आपल्या मावशींनी प्रत्येक स्लाइड मोठ्याने, बोट ठेवून वाचली. त्यांना लागलेल्या वेळाच्या दीडपट धरला.

स्लाइड १ (१२ सेकंद)

नमस्कार, बसा
टोकन नंबर पुकारला जाईल.
ऐकू कमी येत असेल,
तर खिडकीशी सांगा.
आम्ही येऊन बोलावू.

नाव पडद्यावर कधीच येणार नाही. कोण कशासाठी आलंय, हे शेजारच्या खुर्चीला कळायचं कारण नाही.

स्लाइड २ (२० सेकंद)

टोकनची वाट पाहू नका
छातीत दुखतंय, दम लागतोय
तोंड वाकडं, हात लुळा
बाळ मलूल, दूध पीत नाही
गरोदर बाईला रक्तस्राव
आत्ता खिडकीशी या!

हीच स्लाइड ७, १३ आणि १९ या क्रमांकांवर तशीच्या तशी पुन्हा येईल. दाराशी आलेल्या माणसाला ती दोन मिनिटांच्या आत दिसलीच पाहिजे. मागच्या श्रावणात एक काका छाती चोळत पाऊण तास बसून राहिले होते. का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "माझ्यापुढे अकरा जण होते ना." सगळ्या स्लाइड्सचं काम मी त्या दिवसापासून मनात धरलंय. ही एक स्लाइड पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत कर, बाकी एकही नको.

स्लाइड ३ (१५ सेकंद)

आज बीपी मोजायचंय?
चहा, बिडी, तंबाखू, मिसरी
आता अर्धा तास नको.
लघवीला जाऊन या.

स्लाइड ४ (१८ सेकंद)

मोजण्याआधी पाच मिनिटं
पाठ टेकून शांत बसा.
पाय जमिनीला टेकलेले.
हात टेबलावर, छातीइतका.
मोजताना बोलू नका.

इथे खुर्चीवर नीट बसलेल्या बाईचं रेषाचित्र उजव्या बाजूला टाक. मांडी घालून बसायची सवय आहे आपल्याकडे, नुसतं वाचून लक्षात येत नाही.

स्लाइड ५ (२० सेकंद)

उपाशीपोटी साखर
रात्रीपासून ८ तास उपास.
साधं पाणी चालतं.
चहा चालत नाही.
साखरेची गोळी, इन्सुलिन:
आधी डॉक्टरांना विचारा.

स्लाइड ६ (१५ सेकंद)

घाम? थरथर? चक्कर?
साखर उतरली असेल.
लगेच सिस्टरना सांगा.
खिडकीत साखर ठेवली आहे.

मार्केट यार्डात पहाटे भाजीची गाडी लावून, तसेच उपाशी इथे येणारे लोक आहेत. डबा स्टीलचा आहे, झाकणावर मी चिठ्ठी लावली आहे. तीन चमचे साखर पाण्यात, आणि लगेच मॅडमना निरोप.

स्लाइड ७ (२० सेकंद) स्लाइड २ प्रमाणे.

स्लाइड ८ (१५ सेकंद)

डेंगीचा डास
दिवसा चावतो.
साठलेल्या स्वच्छ पाण्यात
अंडी घालतो.

स्लाइड ९ (२० सेकंद)

ताप उतरला तरी जपा
पोटात खूप दुखतंय,
उलट्या थांबत नाहीत,
हिरड्या-नाकातून रक्त,
माणूस सुस्त पडलाय:
त्याच दिवशी दाखवा.

ही स्लाइड कापून लहान करू नकोस. डेंगीत धोका बहुतेक वेळा ताप उतरताना सुरू होतो आणि घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात.

स्लाइड १० (१५ सेकंद)

आठवड्यात एक कोरडा दिवस
पिंप, कुंड्या, कूलर, टायर
रिकामे करा, घासा, वाळवा.
तापात ॲस्पिरिन नको.

स्लाइड ११ (१८ सेकंद)

जुलाब लागले?
ओआरएसचं पूर्ण पाकीट,
पाकिटावर लिहिलंय तेवढंच
उकळून गार केलेलं पाणी.
२४ तासांनी उरलेलं ओता.

मोठं पाकीट एक लिटरचं आणि छोटं २०० मिलिलिटरचं, अशी दोन्ही दुकानात मिळतात. म्हणून स्लाइडवर एकच आकडा लिहिला नाही. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून पाजणाऱ्या आया मी रोज बघते.

स्लाइड १२ (१५ सेकंद)

बाळाला अंगावरचं दूध चालू
ओआरएस चमच्या-चमच्याने.
झिंकची गोळी १४ दिवस,
जुलाब थांबले तरीही.

स्लाइड १३ (२० सेकंद) स्लाइड २ प्रमाणे.

स्लाइड १४ (१८ सेकंद)

कुत्रा चावला, ओरबाडलं
नळाखाली साबण लावून
१५ मिनिटं जखम धुवा.
घड्याळ लावून धुवा.

स्लाइड १५ (१५ सेकंद)

हळद, चुना, तिखट नको
लस आजच सुरू करा.
सगळे डोस पूर्ण करा.
जिल्हा रुग्णालयात मोफत.

पंधरा मिनिटं फार वाटतात, म्हणून घड्याळाचा उल्लेख ठेवला. घरातलं माणूस दोन तांबे ओतून "धुतलं" म्हणतं. रेबीज एकदा अंगात उमटला की जवळजवळ कोणीच वाचत नाही, पण वेळेवर धुणं आणि लस यांनी तो टळतो. हे पडद्यावर भीती दाखवून लिहू नये असं मॅडमचं मत पडलं, मलाही ते पटलं. समोर दहा वर्षांची मुलं बसलेली असतात.

स्लाइड १६ (२० सेकंद)

द्राक्षबागेत फवारणी
मास्क, हातमोजे, पूर्ण बाही.
वाऱ्याच्या उलट फवारू नका.
मध्येच तंबाखू, जेवण नको.
घरी आल्यावर आधी आंघोळ.
कपडे वेगळे धुवा.

स्लाइड १७ (१८ सेकंद)

औषध बाधलं तर
कपडे काढा, साबणाने धुवा.
उलटी करवू नका.
औषधाची बाटली सोबत आणा.
लगेच १०८ ला फोन करा.

या दोन स्लाइड्स सातही महिने ठेवायच्या, पण ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की १६ आणि १७ उचलून स्लाइड २ च्या मागे लाव. डावणी, भुरीच्या भीतीने तेव्हा दिंडोरी, निफाडकडे पंप खाली ठेवत नाहीत. खूप घाम, लाळ, अंधुक दिसणं, अंग फडफडणं असं घेऊन माणूस येतो आणि सोबतच्याला औषधाचं नाव आठवत नाही. बाटलीवरचं लेबल डॉक्टरांच्या हातात पडलं की उपचार कोणता, हे लवकर ठरतं. बाटलीचं चित्र मोठं टाक.

स्लाइड १८ (२० सेकंद)

साप चावला
आवळून बांधू नका.
कापू नका, चोखू नका.
अंगठी, बांगड्या काढा.
हात-पाय हलवू नका.
थेट मोठ्या रुग्णालयात.

"थेट" हा शब्द ठळक. आपल्याकडे प्रतिविष नाही. इथे आणून वीस मिनिटं घालवण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाकडे गाडी वळवलेली बरी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचे फोटो टाकावेत का, असं तू विचारलं होतंस. नको. लोक साप ओळखत बसतात, आणि कोणी तो मारून पिशवीत आणायला जातं.

स्लाइड १९ (२० सेकंद) स्लाइड २ प्रमाणे.

स्लाइड २० (१८ सेकंद)

खोकला दोन आठवड्यांवर?
थुंकी तपासून घ्या.
सरकारी केंद्रात मोफत.
खोकताना तोंडावर रुमाल.

स्लाइड २१ (१५ सेकंद)

टीबी बरा होतो
औषधं मोफत, मध्ये सोडू नका.
उपचारात आहारासाठी
दरमहा १००० रुपये खात्यात.

ही रक्कम आधी ५०० होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली. जुन्या पोस्टरवर अजून ५०० आहे, ते काढून टाक. स्लाइडवर आजारी, खंगलेल्या माणसाचा फोटो लावायचा नाही. ज्याला नुकतं निदान झालंय तो त्याच हॉलमध्ये बसलेला असतो.

स्लाइड २२ (१५ सेकंद)

पुढच्या वेळी सोबत आणा
चालू गोळ्यांची पाकिटं,
जुने रिपोर्ट, चष्मा.
'पांढरी गोळी' कळत नाही.

स्लाइड २३ (२५ सेकंद)

फोनमध्ये आत्ता लिहून घ्या
१०८ रुग्णवाहिका
१०२ गरोदर माता व बाळ
११२ कोणतीही तातडी
पैसे लागत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ हिला, कारण लोक खिशातून फोन काढतात. आकडे १५० पॉइंटचे ठेव आणि प्रत्येकाखाली कीपॅडवर दिसतात तसे 108, 102, 112 हेही लिही. त्यासाठी इथे पाच ओळींचा नियम मोडला तरी चालेल. फोन लावताना माणूस घाबरलेला असतो, त्याला अंक शोधावे लागू नयेत.

स्लाइड २४ (१० सेकंद)

अक्षर नाही. पावसातल्या रामशेजचा फोटो, तू काढलेला. डोळ्यांना एवढी विश्रांती हवी. मग पुन्हा स्लाइड १.

आता लावायचं कसं. प्रत्येक स्लाइडला `Transitions` मध्ये `After` समोर वरचे सेकंद भर आणि `On Mouse Click` ची खूण काढ. मग `File > Export > Create a Video` करून १०८० पिक्सेलची `MP4` फाईल बनव आणि पेन ड्राइव्हने टीव्हीला लाव. फोटो म्हणून स्लाइड्स टाकल्या तर टीव्ही सगळ्यांना सारखेच सेकंद देतो आणि मावशींची मेहनत वाया जाते. व्हिडिओत फॉन्टही बिघडत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर मागे जोडाक्षरं फुटून आली होती, आठवतंय ना? टीव्हीवर रिपीट चालू आणि आवाज पूर्ण बंद. टोकनची हाक ऐकू आली पाहिजे.

औषध कंपनीची जाहिरात यात कुठेही घालायची नाही, कोणी फुकट टीव्ही देतो म्हणालं तरी.

शनिवारी दुपारी दोन वाजता ओपीडी संपते. तेव्हा लावून बघू. तू खिडकीपाशी उभा राहा, मी शेवटच्या खुर्चीत चष्मा काढून बसते, आणि मावशी वाचतील. त्यांची जी ओळ अडखळेल ती त्याच दुपारी बदलू, म्हणजे सोमवारी सकाळी नऊला निमाणीहून पहिली बस आली की पडदा चालू असेल.