घोणस चावल्यावर एएसव्हीचा दुसरा डोस 10 व्हायल की 5? प्रोटोकॉलचा सारांश, साध्या भाषेत पुन्हा लिहिलेला

नमस्कार. एथिक्स कमिटीच्या मागच्या मीटिंगला आपल्यातल्या एक मॅडम म्हणाल्या की दुसऱ्या पानानंतर मला काहीच कळलं नाही आणि मी नुसती मान हलवत बसले, ते ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण घोणशीच्या दंशावरच्या आमच्या ट्रायलचा तो 14 पानांचा सारांश मीच लिहिला होता आणि तो डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिल्यासारखाच झाला होता. हा परत लिहिलाय. यात वैद्यकीय शब्द आला तर तिथंच अर्थ दिलाय. मूळ प्रोटोकॉल बदललेला नाही, फक्त सांगायची पद्धत बदललीय.

आधी दुखणं काय ते

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यातनं आपल्याकडं साप चावलेले पेशंट येतात, पावसाळ्यात भाताच्या खाचरातले आणि पुढं ऊसतोडीच्या हंगामात फडातले. ही ट्रायल फक्त घोणशीबद्दल आहे. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः नसांवर जातं, पापण्या मिटायला लागतात, श्वास अडकतो. घोणशीचं विष रक्तावर जातं. रक्त गोठवणारे जे घटक अंगात असतात ते हे विष संपवून टाकतं, मग रक्त गोठतच नाही, हिरड्यातनं, लघवीतनं रक्त यायला लागतं आणि बऱ्याच जणांच्या किडनीला मार बसतो.

यावर औषध एकच, एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात विषाविरुद्ध जे तयार होतं ते शुद्ध करून बनवलेलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालतं. (घाटातल्या चापड्याच्या विषासाठी ते बनवलेलं नाही, म्हणून चापडा चावलेले पेशंट या ट्रायलमध्ये नाहीत.) घोड्याचं प्रोटीन माणसाच्या अंगात गेलं की काहींना रिॲक्शन येते, कुणाला नुसती खाज, थंडी-ताप, कुणाचं बीपी एकदम खाली जातं आणि ॲड्रेनॅलिन द्यावं लागतं. म्हणजे औषध लागतंच, पण गरजेपेक्षा जास्त देणं पण फुकटचं नाही.

मग प्रश्न कुठं आहे

पहिला डोस 10 व्हायल, म्हणजे औषधाच्या 10 छोट्या बाटल्या, यावर आमचा काही वाद नाही, तो सगळ्यांना मिळणार. हिशोब असा आहे की घोणस सरासरी 63 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते, आणि एएसव्हीचा 1 मिली साधारण 0.6 मिलिग्रॅम घोणशीचं विष मारतो, एका व्हायलचं 10 मिली होतं, म्हणजे 10 व्हायलमध्ये 60 मिलिग्रॅमची सोय झाली.

पहिल्या डोसनंतर 6 तासांनी रक्त गोठतंय का ते बघतात. टेस्ट इतकी साधी आहे की घरातल्या कुणालाही समजेल: शिरेतलं 2 मिली रक्त नवीन, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदा आडवी करायची. गोठलं असेल तर घट्ट राहतं, नसेल तर पाण्यासारखं वाहतं. ट्यूब काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणानं धुतलेली पण चालत नाही, टेस्ट खोटी येते.

6 तासांनी पण नाही गोठलं तर दुसरा डोस द्यायचा. किती? इथंच डॉक्टरांत एकमत नाही, 5 ते 10 च्या मध्ये जो तो आपल्या अंदाजानं देतो. कारण असं की विष सगळं निकामी झालं तरी रक्त लगेच गोठायला लागत नाही, संपलेले घटक लिव्हरनं नव्यानं बनवायचे असतात आणि त्याला तास लागतात. म्हणजे 6 तासांनी ट्यूबमधलं रक्त वाहिलं तर दोन शक्यता: एक, अंगात अजून विष शिल्लक आहे आणि औषध हवंय. दोन, विष गेलंय, लिव्हर कामाला लागलंय, आणि आपण उगाच आणखी 10 व्हायल ओततोय. ट्यूबकडं बघून या दोन्हींत फरक कळत नाही, ट्रायल करायची ती एवढ्यासाठीच.

करणार काय

18 ते 70 वयाचे, घोणशीचा दंश झालेले, पहिल्या 10 व्हायल आपल्याकडंच मिळालेले आणि 6 तासांनी रक्त न गोठलेले असे 200 पेशंट, तीन वर्षांत. 100 जणांना दुसरा डोस 10 व्हायल, 100 जणांना 5 व्हायल. कुणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, कॉम्प्युटरनं आधीच बनवलेली यादी बंद पाकिटात असेल, पाकीट फार्मासिस्ट उघडणार, औषध तोच तयार करणार आणि झाकलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या सलाइनमधून देणार. ट्यूब बघणाऱ्याला, पेशंटला, वॉर्डातल्या सिस्टरना गट माहीत नसेल, नाहीतर 5 वाल्याकडं सगळेच जास्त काळजीनं बघणार आणि निकाल बिघडणार.

यात खोटं औषध कुणालाच नाही. मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं की साप चावलेल्या माणसाला नुसतं पाणी देणार का, तर नाही. दोन्ही गटांना एएसव्हीच.

दुसऱ्या डोसनंतर 6 तासांनी परत तीच टेस्ट. गोठलं तर झालं. नाही गोठलं तर गट कुठलाही असो, सरळ 10 व्हायल, आणि तिथून पुढं नेहमीचे उपचार. मधल्या 6 तासांत रक्तस्राव सुरू झाला तर डॉक्टर केव्हाही पाकीट उघडून बघू शकतात आणि हवं तेवढं औषध देऊ शकतात, त्यासाठी कुणाची परवानगी नको.

घेणार नाही ते कोण: गरोदर बायका, आधीच अंगातनं रक्त जात असलेले, आधीपासून किडनीचा आजार असलेले, पहिल्या डोसला मोठी रिॲक्शन आलेले, बाहेरून एएसव्ही घेऊन आलेले. रक्त जात असलेल्यांवर 5 व्हायलचा प्रयोग करायची आमचीच हिंमत नाही.

15 टक्क्यांचं काय

5 व्हायल 10 पेक्षा भारी आहेत असं आम्हाला दाखवायचं नाहीये. त्या फार कमी पडत नाहीत एवढंच दाखवायचंय. 10 व्हायलच्या गटात 100 पैकी 85 जणांचं रक्त 6 तासांत गोठेल असं धरलंय. 5 वाल्या गटाचा आकडा यापेक्षा 15 नं कमी असला तर 5 व्हायल चालत नाहीत असं आम्ही म्हणणार, आणि फरक 15 च्या आत आहे हे 95 टक्के खात्रीनं सांगता आलं तरच चालतात म्हणणार.

हे 15 कुठून आले? खरं सांगायचं तर पेशंटच्या संख्येनं भाग पाडलं. फरक 10 धरला असता तर 400 वर पेशंट लागले असते आणि एका हॉस्पिटलला ते होणं नाही. आम्हाला 15 बरोबर वाटतात कारण ज्यांचं नाही गोठलं त्यांना पुढचं औषध 6 तासांत मिळतंच. पण उलटा विचार केला तर 15 म्हणजे 100 पैकी 15 माणसं आणखी 6 तास रक्त न गोठता खाटेवर पडून राहणार. तुमच्या घरचं माणूस असतं तर 15 चालले असते का, हे डॉक्टर नसलेल्यांनीच सांगावं, संख्याशास्त्रात याचं उत्तर नाही.

धोका कुणाला

5 व्हायलच्या गटात विष शिल्लक राहिलं तर रक्तस्राव आणि किडनीचा त्रास वाढू शकतो. 10 च्या गटात रिॲक्शनची शक्यता जास्त. पेशंटला थेट फायदा होईल असं आम्ही म्हणू शकत नाही. झाला तर पुढच्यांना होईल, आणि व्हायल पण वाचतील, हा हेतू आहे तो लपवत नाही. जास्तीचं म्हणून दोनदा 5-5 मिली रक्त घेणार, तेही हाताच्याच शिरेतनं आणि नंतर दाबून धरून, कारण या पेशंटला साधी सुई टोचली तरी थांबत नाही. उरलेलं रक्त साठवणार नाही. 14 व्या दिवशी फोन, कारण घोड्याच्या प्रोटीनची उशिराची रिॲक्शन (ताप, पुरळ, सांधे धरणं) आठवड्या-दोन आठवड्यांनी येते. 30 व्या दिवशी किडनीच्या तपासणीला बोलावणार, येण्याजाण्याचे 500 रुपये. ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई, त्याचा विमा काढलाय.

मृत्यू, डायलिसिस, मोठी रिॲक्शन असं काहीही झालं की 24 तासांत कमिटीला कळवणार. बाहेरचे तीन जण, ज्यांचा या कामाशी संबंध नाही, 100 पेशंट झाल्यावर आकडे उघडून बघतील आणि 5 चा गट मागं पडतोय असं दिसलं तर ट्रायल थांबवतील. सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, पहिला पेशंट घेण्याआधी नोंद होणार.

संमती, आणि यावर जरा जास्त वेळ द्या

साप चावलेला माणूस घाबरलेला असतो, नातेवाईक रडत असतात, काही जण आधी मांत्रिकाकडं जाऊन उशिरा आलेले असतात. अशा वेळी कागद पुढं केला तर लोक कशावरही सही करतात. म्हणून दारातच संमती घ्यायची नाही असं ठरवलंय. पहिला डोस चालू झाला की मधे 6 तास मिळतात, त्यात शांतपणे एकदा तोंडी सांगायचं, मग जरा वेळ सोडायचं, आणि 6 तासांची टेस्ट व्हायच्या आधी लेखी. वाचता येत नसेल तर बाहेरचा साक्षीदार, हॉस्पिटलचा माणूस नाही.

सगळ्यात अवघड प्रकरण ऊसतोड मजुरांचं. बीडकडनं आलेली जोडपी, जवळचं कुणी नाही, आणि हॉस्पिटलला घेऊन येतो मुकादम. उचल घेतलेली असते त्यामुळं मुकादम म्हणेल ते. आम्ही लिहिलंय की मुकादम किंवा कारखान्याचा माणूस संमती देणारा पण नाही आणि साक्षीदार पण नाही, आणि संमती घेताना तो खोलीत नको. पेशंट बेशुद्ध असेल आणि घरचं कुणीच नसेल तर त्याला ट्रायलमध्ये घ्यायचंच नाही, नेहमीचे उपचार द्यायचे. हे वाचून वकीलसाहेबांना आणखी काही सुचलं तर सांगा, आमच्या डोक्यात एवढंच आलं.

संमतीपत्रक मराठीत आहे, आणि निपाणी-चिकोडीकडनं पण पेशंट येतात म्हणून कन्नडमध्ये पण. दोन्ही दोन-दोन पानांचीच. मराठीचं सोबत जोडलंय, ते घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाला तरी वाचून दाखवा आणि कुठं अडलं तिथं पेन्सिलनं खूण करून आणा. आणि मीटिंगला मी एक काचेची आणि एक प्लास्टिकची ट्यूब घेऊन येतो, हातात घेऊन बघा.