प्रॉम्प्ट: डोंगरगावची सुट्टी, जुन्या रेल्वे पोस्टरच्या धाटणीत (दुसरी खेप)

उभं पोस्टर हवं, प्रमाण ५:७. छपाई ५० × ७० सेंटीमीटरवर होणार आहे आणि ते जिन्याच्या वळणावरच्या भिंतीवर लागणार आहे. म्हणजे बघणारा माणूस चढता चढता, पाच-सहा पावलांवरून, क्षणभरच बघणार. १९२० आणि १९३० च्या दशकांतली रेल्वे कंपन्यांची पोस्टरं फलाटावर अशीच बघितली जायची. ती त्या घाईसाठीच काढलेली होती, म्हणून त्यांच्यात मोठे आकार, मोजके रंग आणि एकच गोष्ट असे. हेही तसंच हवं.

पहिल्या खेपेला जे चार नमुने निघाले ते चारही सुंदर होते आणि चारही चुकीचे होते. डोंगरांवर मऊ छटा उतरत होत्या, झाडाच्या पानापानावर उजेड होता, आणि वर "जुनं" वाटावं म्हणून कागदाला सुरकुत्या नि डाग पाडले होते. ते पोस्टर नव्हतं, फोटोला घातलेला जुना सदरा होता. म्हणून या खेपेला सगळं सविस्तर लिहितो आहे.

रंग कसा लागायचा

त्या पोस्टरांच्या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा लागायचा. रंग वाढला की खर्च वाढायचा, म्हणून पाच-सहा रंगांत डोंगर, आकाश, गाव, माणसं सगळं बसवावं लागे. सपाट रंग या अडचणीतून आला. ती अडचण इथे पाळायची आहे: सहा शाई आणि सातवा कागदाचा रंग, एवढंच. सातव्या शाईची गरज भासली तर एखादा आकार काढून टाकायचा, रंग वाढवायचा नाही.

```
कागद (साय)          #F2E3C2
फिकट निळसर राखी     #A9C4C4
मधला निळा-हिरवा     #3F7C85
गडद निळा            #1F2F4F
देवदारी हिरवा       #2F5D46
विटकरी लाल          #C8452F
मोहरी पिवळा         #E3A63A
```

एका आकारात एकच रंग, काठापासून काठापर्यंत सारखा. ग्रेडियंट नको, एअरब्रशची धूळ नको, मऊ सावली नको. सावली दाखवायची तर तीही एक आकारच: तिला कडा हवी आणि रंग याच यादीतला हवा. आकारांभोवती काळी रेघ नको. दोन रंग जिथे भेटतात तीच रेघ. पांढराशुभ्र रंग कुठेच नको आणि निव्वळ काळाही नको. जिथे पांढरं वाटायला हवं तिथे कागद उघडा सोडायचा.

चित्रात काय आहे

सकाळी सातच्या सुमाराचं ऊन, डावीकडून. सूर्य दिसत नाही. सूर्याचा गोळा आणि त्यातून फुटणारे पट्टे बिलकूल नकोत. "रेट्रो" म्हटलं की ते न मागता येतात आणि मग त्यांच्यापुढे डोंगराकडे कुणी बघत नाही. आकाश दोन सपाट पट्ट्यांचं: वर मोहरी, खाली साय. दोन्हींमधली कडा आडवी, किंचित उजवीकडे उतरती.

डोंगरांच्या चार रांगा, एकामागे एक. सर्वांत लांबची फिकट निळसर राखी, तिच्या पुढची निळी-हिरवी, तिसरी गडद निळी आणि जवळचा उतार देवदारी हिरवा. लांबचे डोंगर फिके दिसतात ते मधल्या हवेमुळे. ती हवा इथे नुसत्या रंगाच्या पायऱ्यांनी दाखवायची, धूसर करून नाही. सर्वांत लांबच्या कड्याची धारही जवळच्या कठड्याइतकीच कातीव हवी. शिखरं टोकदार पण एकसारखी नकोत: डावीकडे एक उंच सुळका, मग खिंड, मग बैलाच्या पाठीसारखा रुंद डोंगर. उन्हाच्या बाजूच्या कड्यांवर मोहरी रंगाचे चार-पाच मोठे त्रिकोणी तुकडे, कात्रीने कापून चिकटवल्यासारखे. चार-पाचच. वीस झाले की डोंगर चुरगळलेला दिसतो.

गाव तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या मधल्या उतारावर, चित्राच्या मध्यापासून थोडं उजवीकडे. पंधरा ते अठरा घरं, पायऱ्या पायऱ्यांनी उतरत आलेली, उतरती छपरं विटकरी लाल. घर म्हणजे तीनच आकार: लाल छप्पर, उन्हातली सायरंगी भिंत, सावलीतली निळी-हिरवी भिंत. दारं-खिडक्या फक्त पुढच्या पाच-सहा घरांना, त्याही साध्या चौकोनांच्या. मधोमध घड्याळाचा एक मनोरा, छपरांच्या वर डोकं काढलेला. घड्याळाची तबकडी कोरी ठेवायची. काटे नकोत. सुट्टीत कोण बघतो, आणि तसंही काटे काढायला गेलं की ते तीन निघतात.

गावाखालून रूळ. अरुंद, दोन फुटी रुळांची छोटी गाडी, एक इंजिन नि तीन डबे, डावीकडच्या बोगद्यातून बाहेर पडून उजवीकडे वळण घेते आहे. डबे विटकरी लाल, खिडक्या म्हणजे साय रंगाच्या चौकोनांची एक रांग. गाडीची लांबी चित्राच्या रुंदीच्या चौथाईहून जास्त नको. गाडी मोठी झाली की डोंगर लहान होतो.

आता धूर, आणि यातच पोस्टरची सगळी गंमत आहे. इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडाशी धूर निमुळता सुरू होतो, तीन गोलसर लाटा घेत मागे, बोगद्याच्या दिशेने जातो आणि दरीतल्या धुक्याच्या पट्ट्याला मिळतो. मिळतो म्हणजे खरोखर मिळतो. धूर आणि धुकं हा एकच सलग आकार हवा, एकच रंग, आणि तो रंग म्हणजे उघडा कागद. कुठे धूर संपला आणि कुठे धुकं सुरू झालं ते कळता कामा नये. धुक्याचा पट्टा डावीकडे जाड आणि उजवीकडे गावाच्या खालच्या घरांपाशी सुरीच्या पात्यासारखा निमुळता. त्यात दोन-तीन घरांची छपरं तेवढी लाल तरंगताना दिसली तर उत्तम. पारदर्शक धुकं नको. धुक्यामागचं काहीही आरपार दिसता कामा नये.

खाली, अगदी पुढे, पॉइंटवरचा दगडी कठडा, गडद निळा, चित्राच्या पूर्ण रुंदीभर. कठड्याशी दोघी, पाठमोऱ्या. आई उभी आहे: मोहरी रंगाचा लांब कोट, मानेवर अंबाडा, एक हात कठड्यावर. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी, लाल स्वेटर, टाचा उचललेल्या, हनुवटी जेमतेम कठड्यावर. बोट दाखवणारी मुलगी नको, ते फारच जाहिरातीसारखं होतं. तिने फक्त चवड्यांवर उभं राहावं. पायाशी पट्टे आवळलेली एक चामडी बॅग. चेहरे दिसत नाहीत, म्हणून डोळे-नाकाचा प्रश्नच नाही. बोटं वेगळी काढायची नाहीत, हात म्हणजे एक आकार. दोघींच्या सावल्या उजवीकडे लांब पडलेल्या, हिरव्या.

उजव्या काठाला एक उंच देवदार, तळापासून वरच्या आकाशापर्यंत, गडद निळा. त्याचा काही भाग चौकटीबाहेर कापला गेलेला चालेल, किंबहुना हवाच. फांद्या म्हणजे एकावर एक सात-आठ त्रिकोणी थर. पानं नाहीत. हे झाड नसेल तर नजर उजवीकडून निसटून जाते. ते दाराच्या चौकटीसारखं तिला आत वळवतं.

अक्षरं

मजकूर फक्त एवढाच:

```
चला डोंगरावर
```

यात एकही जोडाक्षर नाही, ते मुद्दाम. पहिल्या खेपेला "सुट्टी" लिहायला सांगितलं होतं तर "ट्ट" ची चार वेगवेगळी भुतं उठली. अक्षरं खालच्या सायरंगी पट्टीत, पट्टीची उंची चित्राच्या सातव्या हिश्शाएवढी, अक्षरांचा रंग गडद निळा. जाड, एकसारख्या जाडीची, ब्रशने रंगवलेल्या पाटीसारखी ठाम अक्षरं. बोरूची जाड-बारीक वळणं नकोत. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा सलग, मध्ये कुठेही तुटलेली नाही. दोन्ही शब्दांच्या शिरोरेषा एकाच पातळीत आणि वरच्या कठड्याला समांतर, म्हणजे कठडा, मधली फट आणि शिरोरेषा असे तीन आडवे पट्टे एकाखाली एक दिसतील. "डों" वरची मात्रा आणि अनुस्वाराचा टिंब कठड्याला चिकटता कामा नयेत. त्यासाठी फट पुरेशी ठेवायची.

इतर एकही अक्षर नको. गाडीवर नाव नको, बोगद्यावर साल नको, कोपऱ्यात सही नको. अक्षरं नीट येत नसतील तर पट्टी सरळ कोरी सोडावी. अक्षरं मी नंतर फॉण्टमधून बसवीन. अर्धवट देवनागरीपेक्षा कोरी पट्टी केव्हाही बरी.

छपाईचा भास

तो हवा, पण हातचा राखून. मोठ्या रंगखंडांवर शाईचा अगदी बारीक दाणा चालेल, जवळ गेल्यावरच दिसेल इतका. लाल छपरं आणि सायरंगी भिंती यांच्यामध्ये दोन-तीन ठिकाणी केसाएवढी फट राहू द्यावी, दगड किंचित सरकल्यावर राहायची तशी. घड्या, डाग, फाटलेले कोपरे, पिवळेपणा नको. पोस्टर आज छापखान्यातून आल्यासारखं दिसायला हवं, आजोबांच्या ट्रंकेतून काढल्यासारखं नाही. भोवती सायरंगी समास, चारही बाजूंना सारखा, चित्राच्या रुंदीच्या विसाव्या हिश्शाएवढा. त्याबाहेर भिंत, फ्रेम, खोलीचं दृश्य काही नको. फक्त पोस्टर, समोरून, सपाट.

कुणा एका चित्रकाराची शैली उचलायची नाही. काळ हवा, हात नको.

वगळायचं ते

```
ग्रेडियंट, फोटोसारखा पोत, ३डी, लेन्सची चमक, काळ्या बाह्यरेषा,
सूर्यकिरणांचे पट्टे, पक्ष्यांचे थवे, गरम हवेचे फुगे, केबल कार,
बर्फ, इंद्रधनुष्य, गर्दी, मोटारी, विजेच्या तारा, जादा मजकूर,
सही, वॉटरमार्क, जुन्या कागदाचे डाग
```

पक्ष्यांचा थवा यादीत पुन्हा एकदा वाचावा. रिकामं आकाश दिसलं की तिथे इंग्रजी "व्ही" सारखे पाच पक्षी येऊन बसतातच. हे आकाश रिकामंच हवं. वरच्या मोहरी पट्ट्यात डोळा जरा थांबला तरच खालचं गाव गजबजलेलं वाटेल.

चार नमुने हवेत. छपाईसाठी नंतर ५९०६ × ८२६८ पिक्सेलपर्यंत वाढवणार आहे, म्हणून कडा पहिल्यापासून स्वच्छ हव्यात. चारही नमुन्यांत मांडणी, रंग, माणसं, गाडी अगदी तीच. बदलायची फक्त धुक्याची पातळी: पहिल्यात ते रुळांच्या खाली, दुसऱ्यात खालच्या घरांपर्यंत, तिसऱ्यात मनोऱ्याच्या पायथ्याशी, आणि चौथ्यात गाव जवळजवळ सगळं बुडालेलं, फक्त मनोरा आणि चार लाल छपरं वर. मला वाटतं चौथंच भिंतीवर लागेल, पण तिसरं बघितल्याशिवाय ठरवणार नाही.