एकहाती शिलाई दुकानाचं चार आठवड्यांचं पोस्ट-वेळापत्रक

दुकानात एकच माणूस, काम ब्लाउज, शर्ट, पँट आणि अल्टरेशनचं, सुट्टी सोमवारी, आणि तिसऱ्या आठवड्यात डिलिव्हरीची गर्दी. हे धरून आखणी केली आहे. पोस्टसाठी आठवड्याला 40 मिनिटं: 25 सोमवारी एका बैठकीत, उरलेली 15 काम चालू असतानाच.

इन्स्टाग्रामवर आठवड्याला दोनच पोस्ट, गुरुवारी आणि शनिवारी. रोज टाकायचं ठरवलं तर दुसऱ्या आठवड्यातच गाडी अडते. मशीन चालू असताना गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, त्याचंच उत्तर पोस्टमध्ये द्यायचं. नुसत्या तयार कपड्याच्या फोटोला लाइक मिळतात, पण फोन वाजायचे थांबत नाहीत.

शूटिंग

उजव्या हाताने काम करत असाल तर फोनचा स्टँड कटिंग टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवा, नाहीतर प्रत्येक क्लिपमध्ये हातच आडवा येतो. मशीनच्या टेबलावर स्टँड नको, चित्र थरथरतं. फोन उभा, क्लिप 8 ते 12 सेकंदांची. लेन्सवर सुताची धूळ बसते, आधी पुसा. काळं कापड कॅमेऱ्यात राखाडी दिसतं. स्क्रीनवर कापडावर बोट टेकवून उजेड खाली ओढा. पांढऱ्याला उलटं, उजेड वर. मापांची वही फ्रेममध्ये येऊ देऊ नका, त्यात लोकांची नावं आणि नंबर असतात.

आठवडा 1: माप

सोमवार: दोन्ही कॅप्शन लिहून पोस्टची तारीख-वेळ लावून टाका. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल अकाउंटवर ही सोय आहे.

गुरुवार, रील: पँटच्या उंचीचं माप, आधी अनवाणी, मग बूट घालून.
कॅप्शन: «पँट छोटी करायला येताना ज्या बुटांवर घालणार तेच बूट घालून या. टाच बदलली की उंची बदलते, आणि कापलेलं कापड परत जोडता येत नाही.»

शनिवार, फोटो: नीट बसणारा जुना ब्लाउज, शेजारी टेप.
कॅप्शन: «अंगाला बरोबर बसणारा एक कपडा सोबत आणा. मुंढा आणि गळा त्यावरून लवकर ठरतो. अंगावरचं माप तरीही घेऊच.»

आठवडा 2: कापड

गुरुवार, रील: सुती कापडाचा तुकडा भिजवण्याआधी आणि वाळल्यावर, दोन्ही वेळा टेप लावून. दुसरी क्लिप दुसऱ्या दिवशीच मिळणार, म्हणून तुकडा मंगळवारी भिजत घाला.
कॅप्शन: «सुती कापड आणि अस्तर भिजवून, वाळवून आणा. अस्तर शिवल्यानंतर आटलं तर वरचं कापड फुगतं.»

शनिवार, फोटो: चौकडीच्या शर्टाची बाजूची शिलाई, रेघा जुळलेल्या.
कॅप्शन: «चौकडीचं कापड साध्यापेक्षा जास्त लागतं. चौकडी मोठी तेवढं जास्त. कापड घेण्याआधी फोटो पाठवा, किती लागेल ते सांगतो.»

आठवडा 3: गर्दी

नवीन काहीही शूट करायचं नाही. पहिल्या आठवड्याची रील गुरुवारी स्टोरीला पुन्हा टाका. व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून हा मजकूर रोज सकाळी पुन्हा टाका: «या आठवड्यात नवीन ऑर्डर घेत नाही. तयार कपडे संध्याकाळी 5 ते 8 मध्ये न्या. अल्टरेशन पुढच्या मंगळवारपासून.»

शनिवारी हाताला फुरसत मिळाली तर हँगरवर ओळीने लावलेल्या कपड्यांचा एक फोटो. नाहीतर तोही नको.

आठवडा 4: सैल होईल का?

महिन्यातली सगळ्यात कामाची पोस्ट हीच. अल्टरेशनच्या निम्म्या वादांचं मूळ इथे असतं, त्यामुळे सोमवारची 25 मिनिटं हिलाच द्या.

गुरुवार, रील, चार क्लिप: ब्लाउज उलटा केलेला, बाजूच्या शिलाईची मार्जिन टेपवर, जुनी टीप उसवताना, उसवल्यावर दिसणारी सुईची भोकं, अगदी जवळून.
कॅप्शन: «कपडा उलटा करून बाजूच्या शिलाईत आत किती कापड आहे ते मोजा. समजा एका पदराला 2.5 सेमी आहे. 1 सेमी शिलाईसाठी ठेवलं तर 1.5 सुटतं. दोन बाजू, प्रत्येकी दोन पदर, म्हणून एकूण 6 सेमी. आत 1 सेमीच असेल तर सैल होणार नाही. जुन्या टिपेची खूण रेशमावर राहू शकते, आणि उन्हाने उडालेला रंग असेल तर पट्टा दिसतो.»

इथे चुकतं ते एवढंच: लोक एका पदराचं माप म्हणजेच पूर्ण वाढ समजतात. म्हणून 6 सेमीचा हिशेब व्हिडिओवरही मोठ्या अक्षरात लिहा.

शनिवार: हीच रील प्रोफाइलवर पिन करा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये हाच मजकूर क्विक रिप्लाय म्हणून `/सैल` या नावाने साठवा. प्रश्न आला की तेवढंच टाइप करायचं.

त्यानंतरच्या सोमवारी महिन्याभराचे मेसेज चाळा. ज्या प्रश्नाचं उत्तर तीनदा लिहावं लागलं, ती पुढच्या महिन्याची पहिली पोस्ट.