तिसरी 'ब'च्या वर्गशिक्षिकांची रजा आणि नव्या बाईंबद्दल

दि. 12 नोव्हेंबर 2025

इयत्ता तिसरी 'ब'च्या सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

वर्गशिक्षिका जाधव बाई सोमवार, 17 नोव्हेंबरपासून प्रसूती रजेवर जात आहेत. रजा 180 दिवसांची, म्हणजे 15 मेपर्यंत आहे. तोवर उन्हाळी सुट्टी लागलेली असेल, त्यामुळे मुलं तिसरीत असेपर्यंत बाई या वर्गावर परत येणार नाहीत. शनिवारी, 15 तारखेला, सकाळची शाळा हा त्यांचा मुलांबरोबरचा शेवटचा दिवस.

17 तारखेपासून वर्ग मोहिते बाईंकडे असेल. त्यांची नेमणूक रजेच्या मुदतीपुरती आहे. त्या डी.एड. आहेत, टीईटी उत्तीर्ण आहेत आणि याआधी त्यांनी दुसरी-तिसरीलाच शिकवलं आहे. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास हे सगळे विषय त्याच घेतील. चित्रकला आणि खेळाचे तास आहेत तसेच राहतील.

वर्षाच्या मध्यात बाई बदलल्या की पालकांना काळजी वाटते. ती मला पूर्ण समजते, म्हणून काय तयारी केली ते सांगते. या सोमवारपासून मोहिते बाई रोज वर्गात बसत आहेत. जाधव बाईंनी प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान लिहिलं आहे. कोण वाचताना ओळ सोडतं, कोणाला फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं, कोणाला उत्तर येत असूनही हात वर करायचा धीर होत नाही, असं सगळं त्यात आहे. ही वही मी स्वतः वाचली आहे आणि ती मोहिते बाईंच्या हाती दिली आहे.

गणिताकडे तुमचंही लक्ष हवं आहे. बरीच मुलं 52 मधून 27 वजा करताना 35 लिहितात. दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर उलट सातातून दोन काढून मोकळी होतात. जाधव बाई काड्यांचा दशकाचा एक गठ्ठा सोडून त्याच्या दहा सुट्ट्या काड्या करायला लावतात. मग बारातून सात गेले पाच, आणि दशकात उरले चार, त्यातून दोन गेले दोन. हीच पद्धत मोहिते बाई पुढे चालवणार आहेत. घरी कृपया दुसरी युक्ती शिकवू नका, मूल गोंधळतं. खराट्याच्या काड्या आणि रबर एवढ्यावर सराव होतो. जोडाक्षरांसाठी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या, बस.

पहिल्या सत्राच्या नोंदी जाधव बाईंनी पूर्ण केल्या आहेत. दुसऱ्या सत्राच्या आकारिक नोंदी आणि संकलित मूल्यमापन मोहिते बाई करतील, प्रगतीपुस्तकावर सहीही त्यांचीच असेल.

आता काही विनंत्या. मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. शुक्रवारी बालदिनाच्या कार्यक्रमानंतर जाधव बाई स्वतः सांगणार आहेत. सध्या मोहिते बाई मदतीला आल्या आहेत एवढंच मुलांना माहीत आहे. म्हणूनच ही सूचना वहीत न देता पालकांच्या ग्रुपवर पाठवत आहे. शुक्रवारपर्यंत घरात विषय काढू नका, ही बातमी त्यांना बाईंच्याच तोंडून कळू दे.

'या बाई काय, थोड्याच दिवसांच्या' असं मुलांसमोर कोणीही बोलू नये. आठ वर्षांचं मूल ते दुसऱ्या दिवशी वर्गात घेऊन येतं, आणि मग बाईंचं ऐकत नाही. यात नुकसान मुलाचंच होतं.

निरोपाच्या भेटीसाठी वर्गणी काढू नका. बाईंचीही तशी इच्छा नाही. मुलांनी स्वतः चित्र काढलं, दोन ओळी लिहिल्या तर त्या जरूर द्याव्यात.

रजेच्या काळात जाधव बाईंना अभ्यासासाठी फोन किंवा मेसेज करू नका. त्यांना आता विश्रांतीची गरज आहे. शनिवारी त्या ग्रुपमधून बाहेर पडतील आणि मोहिते बाई ग्रुपमध्ये येतील. तातडीचं काही असल्यास कार्यालयात 11 ते 5 या वेळेत मला भेटा. मुलाला नियमित औषध सुरू असेल किंवा घरी काही अडचण असेल, तर ते पहिल्याच आठवड्यात मोहिते बाईंच्या कानावर घाला.

मोहिते बाईंची ओळख व्हावी म्हणून शनिवार, 22 नोव्हेंबरला सकाळी साडेदहा वाजता तिसरी 'ब'च्या वर्गातच पालकसभा ठेवली आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू असल्यानं ज्यांना सकाळी जमणार नाही, त्यांच्यासाठी मी आणि मोहिते बाई त्याच दिवशी संध्याकाळी पाच ते सहा शाळेत थांबू. आई-वडील दोघांनाही शक्य नसेल तर आजी-आजोबांना पाठवलं तरी चालेल.

आपली,
मुख्याध्यापिका
प्राथमिक विभाग, फलटण