आकडा सांगा आणि गप्प बसा: नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पगाराची बोलणी

[कॅमेऱ्याकडे बघून, थेट सुरुवात]

ऑफरचा फोन बहुतेक वेळा भलत्याच वेळी येतो. तुम्ही कँटीनमध्ये असता, नाहीतर बसमध्ये. पलीकडून एचआर म्हणते, "अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालंय, आम्ही 6 लाखांचं पॅकेज देतोय. ठीक आहे ना?" आणि आपल्या तोंडून निघून जातं, "हो मॅम, चालेल."

नमस्कार. मी पुण्यात भरतीचं काम करते, म्हणजे असे फोन मीच लावते. आज तुम्हाला दोनच गोष्टी सांगणार आहे: त्या फोनवर बोलायचं एक वाक्य आणि ते बोलल्यावर जवळजवळ सगळे करतात ती एक चूक.

एक उदाहरण घेऊ. सांगलीची एक मुलगी, हिंजवडीत दोन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. खराडीतल्या एका कंपनीची ऑफर आलीये, 6 लाख सीटीसी. तिने मनातल्या मनात भागाकार केला, महिन्याला 50 हजार. घरी आईला सांगूनही टाकलं.

[स्क्रीनवर ऑफरची फोड]
सीटीसी: 6,00,000
व्हेरिएबल: 60,000
फिक्स्ड: 5,40,000
त्यात बेसिक: 2,70,000
कंपनीचा पीएफ, बेसिकच्या 12 टक्के: 32,400
ग्रॅच्युइटी, बेसिकच्या 4.81 टक्के: 12,987

आता नीट बघा. व्हेरिएबल वर्षाअखेरीस, तेही तुमच्या रेटिंगवर आणि कंपनीच्या निकालावर. कंपनीचा पीएफ तुमचाच आहे, पण तो पीएफच्या खात्यात जातो. ग्रॅच्युइटी दर महिन्याला हातात येत नाही. हे सगळं वजा केलं की महिन्याचा ग्रॉस राहतो सुमारे 41,200. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 2,700 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. महाराष्ट्रात फेब्रुवारीत तो 300 कापतात. नव्या करप्रणालीत या पगारावर इन्कम टॅक्स लागत नाही. तरीही हातात येणार साधारण 38 हजार. 50 आणि 38, मधे 12 हजारांचा फरक. पुण्यात शेअरिंगमधल्या खोलीचं भाडं त्यात निघतं.

म्हणून बोलणी करायची ती फिक्स्डवर. सीटीसी वाढवून मागितलंत तर वाढ व्हेरिएबलमध्ये टाकता येते. ऑफर लेटरवर आकडा मोठा दिसतो, खात्यात काहीच फरक पडत नाही.

मग या मुलीने काय म्हणायचं? हे वाक्य.

[स्क्रीनवर, मोठ्या अक्षरात]
"मला इथे काम करायचंच आहे. फिक्स्ड पाच ऐंशीपर्यंत नेता येईल का?"

बोलणं इंग्रजीत चाललं असेल तर, "आय डू वॉन्ट टू जॉइन. कॅन वी टेक द फिक्स्ड टू फाइव्ह एटी?" एवढंच.

हे वाक्य का चालतं, ते आमच्या बाजूने सांगते. फोनवर असलेल्या एचआरच्या हातात पैसे नसतात. तिला हायरिंग मॅनेजरला किंवा तिच्या वरिष्ठांना मेल टाकून अप्रूव्हल घ्यावं लागतं. तुम्ही "थोडं वाढवून मिळेल का?" म्हणालात, तर ती मेलमध्ये काय लिहिणार? "थोडं" कोणी मंजूर करत नाही. आकडा दिलात की तिचा मेल दोन ओळींत होतो: उमेदवार जॉइन होणार आहे, 5.80 फिक्स्ड मागतोय. वाक्याचा पहिला अर्धा भागही गाळू नका. आम्हाला सगळ्यात मोठी धास्ती ही असते की अप्रूव्हलसाठी धावपळ करायची आणि उमेदवाराने दुसरीकडेच जायचं.

40 हजारांच्या वाढीने या मुलीच्या हातात महिन्याला साधारण 2,800 रुपये जास्त येतील. कमी वाटतात? पुढची वाढ टक्क्यांत मिळते, आणि टक्के मोजतात ते याच आकड्यावर.

[कॅमेऱ्याच्या जवळ]

आता चूक. मी हे इतक्यांदा ऐकलंय की वाईट वाटतं. उमेदवार वाक्य बरोबर म्हणतो. आणि मी विचार करायला दोन सेकंद घेतले की लगेच...

"...म्हणजे, नाही जमलं तरी चालेल मॅम. 5.40 पण ठीक आहे."

संपलं. आता मी वर काय मेल टाकू? तुम्हीच मंजुरी देऊन टाकलीत. मला मनापासून वाटत असतं की या मुलाला मिळावेत, पण माझ्याकडे मागायला कारणच उरत नाही.

हे असं का होतं तेही मला कळतं. आपल्याकडे घरात लहानपणापासून शिकवलेलं असतं, मागून घेऊ नये, आहे त्यात समाधान मानावं. पाहुण्यांनी दिलेला खाऊसुद्धा आधी दोनदा नको म्हणायचा. त्यामुळे पैशाचा विषय काढला की शांतता अंगावर येते, आणि ती भरून काढायला आपण आपलाच आकडा खाली आणतो. काही जण भाडं, बहिणीचं शिक्षण, गाडीचा हप्ता हे सगळं सांगायला लागतात. त्यात खोटं काहीच नसतं, पण पगार कामाचा ठरतो. बोलायचंच असेल तर कामाचं बोला: दोन वर्षांत कुठलं मॉड्यूल एकटीने सांभाळलं, ऑटोमेशनमध्ये काय केलं.

तर आकडा सांगून झाला की तोंड बंद. आमच्याकडून पहिला शब्द येऊ द्या. तो बहुतेक वेळा असतो, "मला विचारून सांगावं लागेल." त्यावर उत्तर, "हो मॅम, उद्यापर्यंत वाट बघते." घरी मोठ्याने चार वेळा म्हणून बघा, मैत्रिणीला एचआर करा आणि तिला मुद्दाम गप्प बसायला सांगा.

"बजेटमध्ये बसत नाही" असं उत्तर आलं तर? मग जॉइनिंग बोनस विचारा, किंवा सहा महिन्यांनी पगाराचा रिव्ह्यू, आणि तो ऑफर लेटरमध्ये लेखी. बोनस मिळाला तर अट वाचा. ठरलेल्या मुदतीआधी सोडलंत तर तो परत करावा लागतो, ही अट बहुतेक ठिकाणी असते.

आकडा कुठून आणायचा, तर अँबिशनबॉक्स आणि ग्लासडोअरवर त्याच शहरातले, तेवढ्याच अनुभवाचे पगार बघा, आणि दोन सीनियर्सना थेट विचारा. दुसरी ऑफर नसताना आहे म्हणू नका, आधीचा पगार फुगवून सांगू नका. पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट आम्ही मागतोच, पीएफच्या नोंदीही तपासल्या जातात, आणि तिथे खोटं निघालं तर ऑफरच जाते.

कॅम्पसमधून पहिलीच नोकरी लागत असेल आणि सगळ्या बॅचला एकच पॅकेज असेल, तर हे वाक्य तिथे चालणार नाही. तिथे आकडा कॉलेजशी ठरलेला असतो. लोकेशन आणि जॉइनिंगची तारीख विचारा, बाँड असेल तर किती वर्षांचा आणि किती रकमेचा तेवढं नीट वाचा.

आणि एचआरने फोनवर "हो, झालं" म्हटलं की आनंदाच्या भरात लगेच राजीनामा टाकू नका. नवं ऑफर लेटर मेलवर येऊ द्या. फिक्स्डच्या रकान्यात 5,80,000 लिहिलंय का बघा, व्हेरिएबल तेवढंच ठेवलंय ना ते बघा. मग सही करा, आणि त्यानंतर मॅनेजरकडे जा.